नवरा तंबाखू सोडतोय आणि घरात चिडचिड वाढलीय: जोडीदारानं काय करावं, काय टाळावं?

जालना जिल्ह्यात ‘व्यसन सोडलं’ असं कुणी म्हटलं, तर बहुतेकदा विषय सिगारेटचा नसतो. तो असतो तळहातावर चुना लावून मळलेल्या तंबाखूचा, गुटख्याच्या पुडीचा किंवा सकाळी दातांना लावायच्या मिश्रीचा. राज्याचं चित्रही असंच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात जवळपास दर चार प्रौढांपैकी एक जण धूर न काढता वापरायची तंबाखू घेतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण मात्र चार टक्क्यांच्या आसपास आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, साध्या तंबाखूवर नाही.

तंबाखू सोडायचं ठरवतो एक माणूस, पण पहिले काही दिवस सगळ्या घराला जड जातात. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं जातं, लेकरांच्या आवाजानं डोकं फिरतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी बायकोच वैतागून म्हणते, “खा बाई एकदाची ती तंबाखू, पण आमच्यावर ओरडू नका.” तंबाखू सोडण्याचे अनेक प्रयत्न याच वाक्यापाशी संपतात.

या लेखात उदाहरणं मुख्यतः तंबाखू सोडणारा नवरा आणि त्याला साथ देणारी बायको अशी घेतली आहेत. बायको मिश्री सोडत असेल, तर हेच सगळं नवऱ्यालाही लागू पडतं.

तिसऱ्या दिवशी असं काय होतं?

तंबाखूत चुना मिसळण्यामागे एक कारण आहे. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज रक्तात उतरतं. बार ओठाखाली किंवा गालात बराच वेळ ठेवला जातो, त्यामुळे निकोटिन हळूहळू पण जास्त वेळ मिळत राहतं. दिवसातून दहा-बारा वेळा असं होत असेल, तर मेंदूला त्या पुरवठ्याची सवय लागते.

रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणून शेवटच्या बारानंतर काही तासांतच अस्वस्थ वाटू लागतं. चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणं, झोपमोड, सारखी भूक लागणं, उदास वाटणं ही त्याची नेहमीची लक्षणं. त्यांचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. पहिल्या आठवड्यानंतर तो उतरू लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचा त्रास बराच कमी होतो. अधूनमधून तलफ त्यानंतरही येते, पण प्रत्येक तलफेचा जोर सहसा पाच-दहा मिनिटांत ओसरतो.

“तंबाखू खाल्ली की डोकं शांत होतं,” असं खाणारे सांगतात. त्यांना तसं खरंच वाटतं. पण त्या शांततेचा मोठा भाग म्हणजे आधीचं निकोटिन उतरल्यामुळे आलेली बेचैनी थांबणं. दर दोन तासांनी चिडचिड यायची आणि दर दोन तासांनी ती बाराखाली दबायची. तंबाखू बंद केल्यावर तीच चिडचिड घरच्यांना पहिल्यांदा पूर्ण दिसते.

आणखी एक लक्षण गावाकडे फार बोललं जातं, पण डॉक्टरांना क्वचितच सांगितलं जातं. सकाळी तंबाखू घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं अनेकांचं म्हणणं असतं. निकोटिन बंद झाल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते, हे खरं आहे. त्यामुळे कित्येक जण ‘फक्त सकाळची एक’ म्हणून पुन्हा सुरू करतात. त्याऐवजी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात भाकरी, पालेभाजी, पेरू-मोसंबीसारखी फळं आणि सकाळचं थोडं चालणं यांनी बहुतेकांचं भागतं. नाही भागलं, तर डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल घेता येतो. सोडणाऱ्याला ही गोष्ट आधीच माहीत असली, तर चौथ्या दिवशी तो घाबरत नाही.

बायकोच्या साथीनं खरंच फरक पडतो का?

याचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. जोडीदारांना ‘साथ कशी द्यावी’ याचं प्रशिक्षण दिलं, तर सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं का, हे तपासणाऱ्या अनेक चाचण्या झाल्या आहेत. कॉक्रन या संस्थेनं त्या सगळ्यांचा एकत्र आढावा घेतला. प्रशिक्षणामुळे यश वाढल्याचं त्यात स्पष्ट दिसलं नाही. म्हणजे बायकोनं सगळं नीट केलं, तरी नवऱ्याची तंबाखू सुटेलच असं नाही. ती सुटली नाही, तर दोष बायकोचा नाही, असाही याचा अर्थ होतो.

दुसरीकडे, कोहेन आणि लिक्टनस्टाइन या अमेरिकी संशोधकांनी १९९० मध्ये एक वेगळी गोष्ट दाखवली. धूम्रपान सोडणाऱ्यांना त्यांनी विचारलं, की तुमचा जोडीदार नेमकं काय करतो? कौतुक करणं, अवघड क्षणी सोबत असणं, शांत राहणं एका बाजूला. टोमणे, तक्रार, ‘तुझ्याच्यानं होणार नाही’ असं बोलणं दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकारचं वागणं दुसऱ्याच्या तुलनेत जितकं जास्त, तितके लोक सोडलेल्या अवस्थेत टिकलेले दिसले.

तिसरी गोष्ट सगळ्यात ठळक आहे. इंग्लंडमधल्या वयस्कर जोडप्यांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान करणाऱ्या बायकांपैकी, ज्यांच्या नवऱ्यानंही त्याच काळात सोडलं, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या जणींचं सुटलं. नवरा ओढतच राहिला, तिथे हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होतं.

हे अभ्यास सिगारेटवरचे आणि परदेशातले आहेत, त्यामुळे जालन्यातल्या घरात आकडे हेच निघतील असं नाही. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. चांगलं वागण्याइतकंच टोमणे कमी करणं महत्त्वाचं. आणि दोघांनी मिळून सोडलं, तर फायदा मोठा.

साथ कुठे संपते आणि पहारा कुठे सुरू होतो?

घरी आल्यावर “आ करा बघू,” म्हणून तोंडाचा वास घेणं. धुण्याला टाकताना शर्टाचे खिसे उलटे करणं. पानटपरीवाल्याला फोन करून विचारणं. पाहुण्यांसमोर “यांनी सोडलीय म्हणे, बघू किती दिवस टिकतं,” असं बोलणं. करणारीला ही काळजी वाटते, पण सोडणाऱ्याला तो पहारा वाटतो.

पहाऱ्यामुळे राग येतो, हा त्याचा लहान तोटा. खरा तोटा असा, की माणूस लपवायला शिकतो. तो घरात खात नाही, पण कंपनीच्या गेटवर खातो. चुकून एकदा खाल्ली, तर सांगत नाही, आणि ज्या क्षणी मदत हवी असते, त्या क्षणी घरात कुणालाच काही माहीत नसतं.

शपथेचंही तसंच आहे. “लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा,” ही आपल्याकडची जुनी पद्धत. तंबाखू सोडणाऱ्या बऱ्याच जणांकडून पहिल्या काही आठवड्यांत एखादी चिमूट होते. शपथ घेतलेली असेल, तर त्या एका चिमटीनं सगळं मोडतं. मग ‘शपथ तर मोडलीच’ म्हणून तो पुन्हा रोज खाऊ लागतो, आणि लेकराच्या काळजीनं घरी खोटंही बोलतो. शपथेऐवजी तारीख ठरवली, तर ती पुन्हा ठरवता येते.

विचारावं की नाही, हा प्रश्न उरतोच. यावर एक साधा उपाय आहे. सोडण्याच्या आधी, डोकं शांत असताना, बायकोनं विचारायचं: “मी तुम्हाला रोज विचारलेलं चालेल, की तुम्ही स्वतः सांगाल? कधी विचारू?” काहींना रात्री जेवल्यावर एकदा विचारलेलं बरं वाटतं, काहींना अजिबात नको असतं. तो जे सांगेल, ते निदान पहिले तीन आठवडे पाळायचं. प्रश्न तोच असला, तरी स्वतः परवानगी दिल्यामुळे तो पहारा वाटत नाही.

शब्दही बदलता येतात. “आज खाल्ली का?” याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि ‘हो’ म्हणायची भीती वाटते. “आज सगळ्यात अवघड कधी गेलं?” याला खरं उत्तर येतं. “ड्युटी सुटल्यावर, गेटवर सगळे मळत होते तेव्हा,” असं त्यानं सांगितलं, तर उद्यासाठी काहीतरी ठरवता येतं. कौतुकही मोघम नको. “शाब्बास” ऐकून मोठ्या माणसाला लहान पोरासारखं वाटू शकतं. “आज लग्नात सगळे खात होते, तरी तुम्ही उठून बाहेर आलात, मी पाहिलं,” हे जास्त खोलवर पोचतं.

एक घर उदाहरणादाखल घेऊ

समजा, नवरा जालना एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात पाळीत काम करतो. वय चाळीसच्या आत. दिवसातून नऊ-दहा वेळा तंबाखू मळतो. बायको सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. घरात सासू आणि दोन मुलं. हे घर काल्पनिक आहे, पण अशी घरं ओळखीची वाटतील.

पहिलं काम तारीख ठरवणं. रात्रपाळीच्या आठवड्यात सोडू नये, कारण जागरणात तंबाखूची गरज जास्त वाटते आणि झोप आधीच बिघडलेली असते. दिवसपाळीचा आठवडा निवडावा. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी सोडलं, तर दुसरा, म्हणजे त्रासाचा दिवस घरी जातो. घरात लग्नकार्य, पेरणीची धावपळ किंवा कर्जाचा हप्ता त्याच आठवड्यात नको.

त्याआधीचे तीन दिवस काहीही न बदलता फक्त नोंद ठेवायची. कधी खाल्ली आणि त्याआधी काय चाललं होतं, एवढंच. ही नोंद नवऱ्यानं ठेवायची, बायकोनं नाही. आपल्या उदाहरणातली नोंद अशी निघते: उठल्याबरोबर, चहानंतर, कारखान्याच्या गेटवर, भट्टीजवळून सुट्टी झाल्यावर, डबा खाल्ल्यावर, सुटताना मित्रांबरोबर, घरी आल्यावर, रात्री जेवणानंतर, मग झोपण्याआधी. नऊ वेळांपैकी पाच घरातल्या आहेत आणि चार बाहेरच्या.

बायकोला बाहेरच्या चार वेळांचं काही करता येत नाही, आणि तसा प्रयत्न केला की पहारा सुरू होतो. तिची मदत घरातल्या पाच वेळांपुरती. त्यातल्याही तीन निवडल्या तरी पुरे.

सकाळी उठल्याबरोबरची वेळ: कोमट पाणी तयार, आणि आधी तोंड धुणं, मग बाकी सगळं. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ: ताटावरून उठल्या उठल्या दोघांनी पंधरा मिनिटं फेरी मारून यायची. घरी आल्यानंतरची वेळ: पहिली वीस मिनिटं घरातली कुठलीही अडचण, शाळेची फी, सासूची तक्रार, काही काढायचं नाही.

सोडण्याच्या आदल्या रात्री घरातली पुडी, चुन्याची डबी, मोटारसायकलच्या डिकीतला साठा त्यानं स्वतःच्या हातानं टाकायचा. बायकोनं लपवून ठेवला, तर तो शोधण्यात आणि भांडण्यात पुढचे दिवस जातात.

सासूला आणि मुलांनाही आधीच सांगितलेलं बरं. “पप्पा तंबाखू सोडतायत, आठ-दहा दिवस त्यांना पटकन राग येईल, तुमचं काही चुकलेलं नसेल,” एवढं मुलांना कळतं. सासूची मदत वेगळ्या कारणासाठी लागते. पोराचा त्रास बघून आईच कधीकधी पुडीला पैसे देते.

चिडचिड सुरू झाली की

चिडचिडीला तिथल्या तिथे उत्तर देऊन फायदा होत नाही, आणि मुकाट्यानं ऐकून घेत राहिलं तर बायको आतून कुढते. मधला मार्ग म्हणजे आधीच ठरवलेली खूण. “मी जरा गच्चीवर जातो,” हे वाक्य त्यानं म्हटलं, की त्याचा अर्थ तलफ आली आहे. कुणी मागे जायचं नाही, कारण विचारायचं नाही. दहा मिनिटांत तो खाली येतो. तलफ तेवढ्या वेळात ओसरत असल्यामुळे हे जमतं. तशीच एक खूण बायकोसाठीही असावी. “मी शेजारी जाऊन येते,” म्हणजे आता मला ऐकवत नाही. तिच्या खुणेलाही तोच मान हवा.

भांडण झालंच, तर ते त्या दिवशी मिटवायचा अट्टहास नको. तिसऱ्या दिवशीच्या रात्री दहा वाजता माणूस जे बोलतो, त्यावरून संसाराचा निष्कर्ष काढू नये. पैशाचा व्यवहार, जमिनीचा वाद, माहेर-सासरचे विषय दोन आठवडे बाजूला ठेवले, तर फारसं अडत नाही. “तंबाखू खात होतात तेव्हाच बरे होतात,” हे वाक्य मात्र काहीही झालं तरी टाळावं. सोडणाऱ्याच्या मनात तोच विचार आधीपासून घोळत असतो आणि त्याला फक्त होकार हवा असतो.

चिडचिड निकोटिनमुळे आहे की आणखी कशामुळे, हे ओळखता येतं. निकोटिनची चिडचिड जुन्या वेळा धरून येते, थोड्या वेळानं उतरते, आणि दिवसागणिक कमी होत जाते. चार आठवड्यांनंतरही ती वाढतच असेल, झोप-जेवण तुटलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर कारण वेगळं असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. जगणं नकोसं झाल्याचं तो बोलला, तर वाट बघू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

एक मर्यादा स्पष्ट ठेवावी लागते. तंबाखू सोडताना माणूस चिडतो, पण त्यामुळे हात उगारत नाही. मारहाण, वस्तू फेकून मारणं, धमक्या हे तंबाखूच्या खात्यावर टाकू नये आणि ‘आठ दिवस सहन करू’ असंही म्हणू नये. अशा वेळी १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा तातडीनं ११२ वर फोन करावा.

तोंडात काय ठेवायचं? इथे प्रेमानं चूक होते

तंबाखू सुटावी म्हणून घरचेच सुपारी आणून देतात, किंवा ‘तंबाखू नसलेला’ पानमसाला. हे टाळायलाच हवं. सुपारीत तंबाखू नसली, तरी ती स्वतः कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मान्य केलं आहे. तोंड हळूहळू उघडेनासं होण्याचा आजारही सुपारीमुळेच होतो. बडीशेप, ओवा, लवंग, वेलची, वाळवलेला आवळा, भाजलेलं जवस यांतलं काहीही चालतं. छोट्या डबीत भरून ती शर्टाच्या त्याच खिशात ठेवावी, जिथे पुडी असायची. हात सवयीनं तिथेच जातो.

निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चघळायची तंबाखू सोडणाऱ्यांसाठी समुपदेशनाबरोबर निकोटिनचे पर्याय किंवा व्हॅरेनिक्लिन हे औषध सुचवलं आहे. गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली तंबाखू लागणाऱ्याला बहुधा ४ मिलिग्रॅम लागतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. हृदयरोग असेल किंवा बायको गरोदर असून ती सोडत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम सुरू करू नये.

गमचा उपयोग न होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ते साध्या च्युइंगगमसारखं भराभर चावणं. तसं केलं, तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचक्या आणि जळजळ होते, तलफ तशीच राहते. मग “काही उपयोग नाही” म्हणून पाकीट फेकलं जातं. पद्धत अशी: तिखट झिणझिणी येईपर्यंत हळूहळू चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. झिणझिणी गेली की पुन्हा थोडं चावायचं. असं साधारण अर्धा तास. तंबाखू खाणाऱ्याला गालात दाबून ठेवायची सवय असतेच, त्यामुळे हे लवकर जमतं. पहिले सहा आठवडे जागेपणी साधारण दर एक-दोन तासांनी एक, पुढे हळूहळू कमी करत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद.

इथे बायकोच्या हातात एक नेमकी गोष्ट आहे, ती म्हणजे चहाची वेळ. चहा-कॉफीनंतर लगेच गम घेतलं, तर तोंडातल्या आंबटपणामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही. चहा आणि गम यांत पंधरा मिनिटांचं अंतर हवं.

आणि बायकोची मिश्री?

मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. ती दातांना लावली, तरी निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि सवय तशीच लागते. पण घरात तिची गणती ‘दात घासण्यात’ होते. त्यामुळे नवऱ्याच्या पुडीवर बोलणारी बायको स्वतः मिश्री लावत असते आणि दोघांनाही त्यात विसंगती दिसत नाही. नवऱ्याला मात्र भांडणात ती नेमकी आठवते: “तू आधी मिश्री सोड.”

याचा राग मानण्यापेक्षा ती अट मान्य करणं शहाणपणाचं आहे. इंग्लंडमधल्या त्या अभ्यासात सगळ्यात जास्त यश एकत्र सोडणाऱ्यांनाच मिळालं होतं. अडचण एवढीच, की दोघांचा तिसरा दिवस एकाच वेळी आला, तर घरात शांत राहणारं कुणीच उरत नाही. घरात तिसरं समजूतदार माणूस नसेल, तर बायकोनं आठ-दहा दिवसांनी सुरुवात केली तरी चालतं. तोवर मिश्रीचा डबा न्हाणीतून हलवून नवऱ्याच्या नजरेआड ठेवावा.

एखाद्या दिवशी खाल्लीच, तर?

समजा, बाराव्या दिवशी पाळी सुटल्यावर मित्रानं हातावर चिमूट ठेवली आणि त्यानं ती खाल्ली. घरी येऊन त्यानं स्वतः सांगितलं, तर आधीचं सगळं जमलं आहे असं समजावं. यावर दोनच प्रश्न पुरेत: “तेव्हा काय झालं होतं?” आणि “उद्या त्या वेळी काय करायचं?” उत्तर कदाचित असं येईल, की मित्रांबरोबर गेटवर थांबायचं नाही, सरळ गाडी काढायची. आधीचे अकरा दिवस वाया गेलेले नसतात. त्या दिवसांत अंगातली निकोटिनची मागणी कमी झालेली असते आणि ती एका चिमटीनं पहिल्याइतकी होत नाही. पण दुसऱ्या दिवशीही खाल्ली, तिसऱ्या दिवशीही खाल्ली, तर ती सवय परतल्याची खूण आहे. तेव्हा टोमणा न मारता नवीन तारीख आणि बाहेरची मदत, दोन्ही ठरवावं.

बाहेरची मदत कुठे मिळते?

तंबाखूच्या पाकिटावरच्या इशाऱ्यात १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. समुपदेशक सोडायची तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतरही फोन करून विचारपूस करतात. फोन मात्र सोडणाऱ्यानंच करायला हवा. बायकोनं क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्यावा आणि पुढचं त्याच्यावर सोडावं. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशनाची सोय असते. तिथे दोघांनी मिळून गेलं तर उत्तम.

सोडण्याच्या आधी किंवा सोडल्यानंतर एकदा दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यावं. गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तिखट अजिबात सोसत नसेल, किंवा एकावर एक ठेवलेली तीन बोटं तोंडात जात नसतील, तर तपासणी लांबवू नये. तोंड कमी उघडणाऱ्याला गम चावणं जड जातं. त्याच्यासाठी निकोटिनची त्वचेवर लावायची पट्टी हा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात.

तारीख ठरली असेल, तर आज रात्री जेवणानंतर बायकोनं एवढंच विचारून घ्यावं: मी रोज विचारू का, कधी विचारू, आणि तुम्हाला राग आला की मी काय करू? तिसऱ्या दिवशी ही तीन उत्तरं आधीपासून माहीत असलेली बरी.